‘वॉचमनकडे ठेवून जा’

दुपारी बारा-साडेबाराला ऑफिसात फोन वाजतो. मीटिंग चालू असते. पलीकडून आवाज येतो, ‘मॅडम, पार्सल आहे.’ आपण हलक्या आवाजात म्हणतो, ‘वॉचमनकडे ठेवून जा.’ तो ओटीपी मागतो, आपण चार आकडे सांगून टाकतो आणि विषय संपला असे समजतो. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत हा विषय नेमका तिथूनच सुरू झाला, आणि पार्सलांसाठी तीन पानी नोटीस लिहायची वेळ कमिटीवर आली. त्या कमिटीत मीही होतो.

झाले असे. सी विंगमधल्या एका ताईंनी अठरा हजारांचा मोबाइल मागवला होता. त्यांनी फोनवर ओटीपी सांगितला, डिलिव्हरीवाल्याने खोके केबिनमधल्या टेबलावर ठेवले, आणि दिवसपाळीच्या वॉचमनकाकांनी मान डोलावली. टेबलावर आधीच दहा-बारा पार्सले होती. रात्री आठला पाळी बदलली. काका घरी गेले, दुसरे आले. ताई साडेनऊला खाली उतरल्या तेव्हा खोके नव्हते. रजिस्टरमध्ये नोंद नव्हती. कॅमेरा होता, पण तो गेटकडे तोंड करून. टेबल त्याच्या टप्प्यात येतच नव्हते.

ताईंनी कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आले की ओटीपी मिळाला आहे, म्हणजे माल पोचला आहे. ते उत्तर कितीही कोरडे वाटले तरी त्यामागची पद्धत समजून घ्यायला हवी. पूर्वी कुरिअरवाला कागदावर सही घ्यायचा, आता त्या सहीची जागा ओटीपीने घेतली आहे. महागड्या वस्तूंच्या बाबतीत तर ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ असते. खोके तुमच्यासमोर उघडायचे, आत मागवलेलीच वस्तू आहे हे पाहायचे, आणि मगच आकडे सांगायचे. ऑफिसात बसून ते सांगणे म्हणजे न पाहिलेला माल ‘पाहिला, बरोबर आहे’ असे लिहून देणे. नंतर आतून साबणाची वडी निघाली तरी भांडताना आपलीच सही आडवी येते.

मग ताई कमिटीकडे आल्या. कमिटीने सिक्युरिटी एजन्सीला बोलावले, आणि एजन्सीने काकांच्या पगारातून पैसे कापायची तयारी दाखवली. याला आम्ही ठाम नकार दिला. ज्या माणसाला पार्सल सांभाळायचे काम लेखी कधी दिलेच नव्हते, त्याच्या पगारातून अठरा हजार कसे कापणार? पण मग जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरलाच.

आमच्यातले एक निवृत्त वकील काका म्हणाले, ‘याचे उत्तर १८७२ च्या करार कायद्यात आहे.’ एकाची वस्तू दुसऱ्याने काही काळ सांभाळून परत द्यायची, या व्यवहाराची व्याख्या त्या कायद्याच्या कलम १४८ मध्ये आहे. कलम १५१ सांगते की सांभाळणाऱ्याने, साधारण शहाणा माणूस आपल्या स्वतःच्या तशाच किमतीच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्यावी. तेवढी घेतली असेल आणि तरीही वस्तू गेली, तर वेगळा करार नसताना तो जबाबदार नाही, हे कलम १५२. सांभाळायचे पैसे घेतले की फुकट सांभाळले, याने काळजीच्या मापात फरक पडत नाही. वकील काकांचा मुद्दा सरळ होता. अठरा हजारांचा स्वतःचा मोबाइल कोणी उघड्या टेबलावर रात्रभर ठेवील का? म्हणून ‘पार्सल आपल्या जबाबदारीवर ठेवावे’ अशी पाटी लावली की सोसायटी सुटली, असे समजण्यात अर्थ नाही. घ्यायचेच असेल तर नीट घ्या, नाहीतर घेऊ नका.

नोटिशीचा पाया हाच झाला. केबिनमध्ये कुलपाचे लोखंडी कपाट आले आणि कॅमेरा त्याच्याकडे वळवला. गेटवर फक्त आधीच पैसे भरलेली, ओटीपी नसलेली, कपाटात मावणारी पार्सले घ्यायची. मोबाइल, लॅपटॉप, दागिने, फ्रिजमध्ये ठेवायची औषधे आणि खाण्याचे पदार्थ घ्यायचे नाहीत. रजिस्टरमध्ये वेळ, फ्लॅट नंबर, कंपनी आणि नगांची संख्या लिहायची. नेणाऱ्याने सही करायची. पाळी बदलताना दोन्ही वॉचमननी कपाटातले नग मोजून एकाच ओळीखाली सह्या करायच्या. हे मोजणे फार तर पाच मिनिटांचे काम आहे, पण ताईंचे खोके कोणत्या पाळीत गेले हे त्या रात्री या पाच मिनिटांनी कळले असते. पार्सल त्याच दिवशी रात्री दहापर्यंत न्यायचे.

टपालाचे मात्र वेगळे आहे. कोर्टाची किंवा बँकेची सही लागणारी नोटीस वॉचमनने तुमच्या वतीने घेतली, तर ती तुम्हाला मिळाली असे समोरचा म्हणू शकतो, आणि मुदतीचे दिवस तिथून मोजले जाऊ शकतात. म्हणून सहीचे टपाल पोस्टमनने थेट घरी द्यावे, असे लिहिले.

कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे वॉचमनने किंवा शेजाऱ्यांनी भरायचे नाहीत, हे कलम घातले तेव्हा काहींना ते खटकले. शेजारधर्म आहे की नाही? पण न मागवलेले पार्सल ‘वहिनींनी मागवलंय, सातशे नव्व्याण्णव द्या’ म्हणून आजी-आजोबांच्या हातात देण्याचे प्रकार होतात. एक फोन करून विचारले की खरेखोटे कळते. याचाच दुसरा अवतार फोनवर येतो. ‘पत्ता सापडत नाही, *401* दाबून हा नंबर लावा,’ असे कोणी सांगितले तर लावू नका. त्याने तुमचे कॉल त्या नंबरकडे वळतात, आणि कॉलवरून येणारे ओटीपीही. चुकून लावलाच तर ##002# लावून वळवलेले कॉल बंद करा आणि १९३० वर तक्रार नोंदवा.

सर्वांत जास्त वाद झाला तो डिलिव्हरीवाल्यांना वर सोडावे की नाही, यावर. एका मसुद्यात ‘त्यांनी लिफ्ट वापरू नये’ असे वाक्य होते. आमची इमारत अकरा मजली आहे. ते वाक्य ज्यांनी सुचवले ते स्वतः पहिल्या मजल्यावर राहतात, हे मी तिथे बोललो नाही, इथे लिहितो. ते वाक्य आम्ही काढले. सगळ्यांना गेटवरच थांबवावे, हा पर्यायही गणितात बसेना. संध्याकाळी सात ते नऊ गर्दी असते. तासाला वीस जण आले आणि प्रत्येकासाठी इंटरकॉम लावून होकार मिळवायला दोन मिनिटे लागली, तर वॉचमनची चाळीस मिनिटे फोनवर जातात आणि गेट वाऱ्यावर. शिवाय त्या मुलांना पैसे फेरीमागे मिळतात. गेटवर गेलेला वेळ त्यांच्या खिशातून जातो. शेवटी ठरले ते असे: ऑर्डर देतानाच रहिवाशाने ॲपवर किंवा इंटरकॉमवर गेटला कळवायचे, कळवलेला माणूस नोंद करून थेट वर जाईल, कोणत्याही लिफ्टने. न कळवलेल्यासाठी वॉचमन दोनदा फोन करील. उचलला नाही तर पार्सल परत जाईल. गेटच्या आत तीन दुचाक्यांची जागा आखली आणि पिण्याच्या पाण्याचा नळ सगळ्यांना खुला ठेवला.

दंडाचे कलम मात्र आम्ही घातले नाही. दंड ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, कमिटीने परस्पर लावलेला आकडा टिकत नाही.

ताईंचे अठरा हजार परत मिळाले नाहीत. नव्या नोटिशीखाली पहिली सही त्यांनीच केली, आणि आता महागडी वस्तू त्या रविवारीच मागवतात.