सोळाशे रुपयांच्या पोटात

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी सोलापूरच्या गणवेश कारखान्यांत धांदल असते. तिथल्या एखाद्या मध्यम कारखान्याच्या एका महिन्याचा हिशेब आपण समोर घेऊ. आकडे समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत, मात्र असा प्रसंग या धंद्यात नवा नाही. महिनाभरात २,००० शर्ट तयार झाले. त्यांच्या कापडावर ठरल्याप्रमाणे ३,६०,००० रुपये खर्च व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात ३,५८,४०० झाले. म्हणजे १,६०० रुपये वाचले. साडेतीन लाखांत सोळाशेचा फरक पाहून मालक पान उलटतील, आणि त्यांना कोणी दोषही देणार नाही. पण या सोळाशेच्या पोटात पंचवीस हजारांच्या आसपासचे दोन आकडे एकमेकांवर रेललेले आहेत.

‘ठरल्याप्रमाणे’ म्हणजे काय, ते आधी पाहू. हंगाम सुरू होण्यापूर्वी कारखाना दोन गोष्टी लिहून ठेवतो. एका शर्टाला कापड किती लागावं आणि ते काय भावानं मिळावं. इथे प्रमाण ठरलं होतं शर्टामागे दीड मीटर आणि मीटरला १२० रुपये. कापड हा शर्टाचा ‘प्रत्यक्ष माल’, कारण कुठल्या शर्टात किती गेलं ते मोजता येतं. शिलाई यंत्राच्या तेलाचं तसं नसतं, म्हणून ते या हिशेबात धरत नाहीत. आणखी एक काळजी घ्यायची. प्रमाण लावायचं ते तयार झालेल्या शर्टांना, योजलेल्या शर्टांना नव्हे. महिन्याची योजना २,५०० शर्टांची असली तरी झाले २,०००, तर कापड लागायला हवं होतं ३,००० मीटर. हे चुकलं की कमी काम झाल्यामुळे कमी लागलेलं कापडही बचत म्हणून मिरवतं.

प्रत्यक्षात कापड आलं ११२ रुपये मीटरनं आणि लागलं ३,२०० मीटर. आता पहिला प्रश्न भावाचा. मीटरमागे ८ रुपये कमी पडले आणि ३,२०० मीटर घेतलं, म्हणून २५,६०० रुपये वाचले. ही किंमत तफावत, आणि ती अनुकूल. दुसरा प्रश्न वापराचा. २०० मीटर कापड जास्त गेलं. त्याला १२० रुपयांनी गुणलं की २४,००० रुपये येतात. ही वापर तफावत, आणि ती प्रतिकूल. २५,६०० मधून २४,००० गेले की उरतात तेच आपले १,६००.

इथे चौकस वाचक हटकेल, की कापड घेतलं ११२ नं, मग जादा गेलेल्या मीटरांना १२० चा भाव का? कारण वापराचा जाब कटिंग मास्टरला द्यायचा असतो आणि भाव त्याच्या हातात नसतो. खरेदी करणाऱ्यानं स्वस्त आणलं म्हणून मास्टरची नासाडी लहान दिसू नये, आणि महाग आणलं म्हणून ती फुगू नये. यासाठी वापर नेहमी प्रमाण भावानं मोजतात, आणि भावातला सगळा फरक खरेदीच्या खात्यावर टाकतात. भाव धरतानाही भाडं मिळवायचं, मिळालेली सूट वजा करायची आणि परत मिळणारा जीएसटी सोडून द्यायचा. दोन्ही बाजूंना हेच पथ्य हवं, नाहीतर तफावत कागदावरच जन्माला येते.

आता अनुकूल आणि प्रतिकूल या शब्दांकडे येऊ. हिशेबाच्या भाषेत त्यांचा अर्थ फार मर्यादित आहे. प्रमाणापेक्षा खर्च कमी झाला, म्हणजे नफा तेवढा वाढला, तर अनुकूल. खर्च जास्त झाला तर प्रतिकूल. कुणी चांगलं काम केलं किंवा कुणी वाईट, असं हे शब्द म्हणत नाहीत. तरी बैठकीत ते तसेच ऐकले जातात. आपल्या कारखान्यातही खरेदी पाहणाऱ्याची पाठ थोपटली गेली आणि मास्टरला विचारणा झाली, की दोनशे मीटर गेलं कुठे?

मास्टरनं उत्तर द्यायच्या आधी टेप काढावा आणि ताक्याचा पन्ना मोजून दाखवावा. प्रमाण ठरलं होतं ५८ इंची पन्न्यावर. या महिन्यात आलेलं कापड होतं ५४ इंची. अरुंद पन्न्यावर पाठ, बाह्या, कॉलर यांचे तुकडे तसेच बसत नाहीत. मांडणी लांबते आणि प्रत्येक थराला कापड जास्त लागतं. ५८ इंचावर दीड मीटर लागत असेल, तर तेवढंच क्षेत्रफळ ५४ इंचावर मिळवायला सुमारे १.६१ मीटर लागेल. २,००० शर्टांना ३,२२२ मीटर. मास्टरनं काम भागवलं ३,२०० मध्ये. म्हणजे ज्याच्या नावावर २४,००० ची प्रतिकूल तफावत लागली, त्यानं खरं तर बावीस मीटर कापड वाचवलं होतं!

मग खरेदीचं काय? पन्न्याच्या हिशेबानं १२० रुपयांच्या कापडाची ५४ इंचाला किंमत होते १११ रुपये ७२ पैसे. दिले ११२. स्वस्त म्हणून आणलेलं कापड मीटरमागे २८ पैशांनी महागच पडलं. पन्ना जमेस धरला की दोन्ही तफावतींच्या खुणा उलट होतात. मधले सोळाशे मात्र जागचे हलत नाहीत, कारण ते खरोखरच वाचले आहेत. फक्त ते कुणी वाचवले, याचं उत्तर बदलतं.

दर वेळी मास्टर निर्दोषच निघेल असं नाही. पन्ना बरोबर असेल तर पुढे पाहायचं. महिन्यात मोठ्या मापांची मागणी जास्त होती का? तसं असेल तर दीड मीटरची सरासरीच लागू पडत नाही. ताक्यात डाग, गाठी किंवा रंगाचा फरक होता का? तेव्हा तुकडे बाद होतात आणि पुन्हा कापावे लागतात. यांपैकी काहीच नसेल आणि चिंध्यांच्या पोत्यांचं वजन वाढलेलं असेल, तर मांडणी ढिली झाली असं म्हणायला जागा आहे. वजनही वाढलेलं नसेल, तर कापड कटिंगच्या टेबलापर्यंत पोचलं तरी का, हे गोदामात विचारायचं. भावाच्या बाजूलाही अशीच शंका घ्यावी. त्या महिन्यात बाजारच उतरला असेल आणि तेच कापड सगळीकडे ११० ला मिळत असेल, तर १२० च्या जुन्या प्रमाणापुढे ११२ अनुकूल दिसेल, पण खरेदीत दोन रुपये जास्तच गेलेले असतील.

पुढच्या ताक्यांची मागणी देताना मालकांना या कागदावरून एक उपयोगी आकडा काढता येतो. शर्टामागे कापडाचा ठरलेला खर्च १८० रुपये. अरुंद पन्न्यावर मास्टरला १.६ मीटर लागतं हे आता कळलं आहे. १८० ला १.६ नं भागलं की येतात ११२ रुपये ५० पैसे. ५४ इंची कापड याहून वर गेलं की तोटा, आणि ११२ ला घेतलं तर मीटरला अवघी अर्ध्या रुपयाची बचत, म्हणजे शर्टामागे ८० पैसे. थर जास्त लांब अंथरायला आणि मांडणी नव्यानं बसवायला कटिंग विभागाला जो जादा वेळ लागला, त्याची मजुरी या ८० पैशांत आलेली नाही. ती मजुरीच्या तफावतीत निघेल, आणि ते पान वेगळं असतं.