भात कणीदार का राहतो?

गेल्या पावसाळ्यात एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना घेऊन माझ्याकडे आल्या. आजोबांचे वय चौऱ्याहत्तर. चार महिन्यांत वजन तीन किलोने उतरले होते. रक्त, लघवी, छातीचा फोटो सगळे तपासून झाले, काही सापडले नाही. जेवणाचे विचारले तेव्हा आजोबा हळूच म्हणाले, "डॉक्टर, भात टोचतो हो." सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "अहो, वाटीला अडीच वाट्या पाणी घालते. लगदा होतो भाताचा, तरी बाबा म्हणतात टोचतो!"

मी त्यांना दुसऱ्या दिवशी घरचा भात डब्यातून आणायला सांगितले. दवाखान्यात काचेच्या पट्ट्या असतातच. त्यांतल्या दोन पट्ट्यांमध्ये एक शीत ठेवून दाबले. बाहेरचा भाग पसरून काचेसारखा पारदर्शक झाला, पण मधोमध खडूसारखा पांढरा ठिपका तसाच राहिला. हीच ती कणी. आजोबांच्या तोंडात वरची कवळी आणि खाली उघड्या हिरड्या. त्यांची तक्रार शंभर टक्के खरी होती, आणि सूनबाईही खोटे बोलत नव्हत्या. भात बाहेरून लगदा आणि आतून कच्चा, असा दोन्ही प्रकारे बिघडला होता.

असे का होते ते पाहू. कोरड्या तांदळात पाण्याचा अंश शेकडा बारा ते चौदाच असतो. तांदूळ शिजतो म्हणजे त्यातल्या पिठूळ द्रव्याला पाणी आणि उष्णता ही दोन्ही एकाच वेळी मिळतात, ते फुगते आणि मऊ होते. उष्णता दाण्याच्या गाभ्यापर्यंत लवकर पोचते, पाणी मात्र सावकाश मुरते. कोरडा तांदूळ एकदम उकळत्या पाण्यात टाकला, की बाहेरचा थर लगेच फुगून चिकट होतो. गाभा अजून कोरडाच असतो. आतपर्यंत पाणी पोचेतो बाहेरचा थर जादा शिजतो, फुटतो आणि त्याचा गिलका होतो. अशा वेळी पाणी वाढवले तर बाहेरचा लगदा वाढतो, आतली कणी जात नाही. सूनबाई नेमके तेच करत होत्या.

तांदूळ आधी भिजवला म्हणजे पाणी गार असतानाच गाभ्यापर्यंत जाते. मग उष्णता मिळाली की दाणा आतबाहेर सारखा शिजतो. यासाठी रात्रभर भिजवण्याची गरज नसते. पॉलिश केलेला तांदूळ साधारण अर्ध्या तासात घ्यायचे तेवढे बहुतेक पाणी घेतो. दाणा भिजला हे ओळखायची खूणही सोपी आहे. कोरडा दाणा काचेसारखा दिसतो, भिजलेला दुधासारखा पांढरा होतो आणि नखाने दाबला की सहज मोडतो.

आता पाण्याचे माप. मी घरच्या काट्यावर मोजून पाहिले. एक वाटी बासमती म्हणजे दीडशे ग्रॅम. अर्धा तास भिजवून, चाळणीत निथळून पुन्हा वजन केले तर ते सुमारे एकशे नव्वद ते पंच्याण्णव ग्रॅम भरले. म्हणजे पाव वाटी पाणी दाण्यांनी आधीच पिऊन घेतले होते. शिवाय भिजलेला तांदूळ लवकर शिजतो, त्यामुळे वाफ होऊन उडून जाणारे पाणीही वाचते. म्हणून पातेल्यात झाकण ठेवून भात करताना न भिजवलेल्या बासमतीला जिथे दोन वाट्या पाणी लागते, तिथे भिजवून निथळलेल्याला दीड वाटी पुरते. कुकरमध्ये वाफ फार उडत नाही, तिथे सव्वा ते दीड वाटी घ्यावे. तांदूळ भिजवूनही जुन्याच मापाने पाणी घातले की भात गिच्च होतो, आणि बायका म्हणतात, "भिजवल्याने भात बिघडतो." भात भिजवण्याने बिघडत नाही, पाण्याचा हिशेब चुकल्याने बिघडतो.

लांब दाण्याला भिजवण्याचा आणखी एक फायदा आहे. बासमतीचा दाणा शिजताना लांबीला वाढतो. तो आधी भिजला असेल तर न तुटता वाढतो आणि शीत मोकळे राहते. भिजलेला दाणा ठिसूळ असतो, म्हणून धुणे काय ते भिजवण्याआधी करावे. नंतर चोळू नये, आणि शिजताना डावाने ढवळू नये.

आखूड दाण्याचे, म्हणजे आपल्या आंबेमोहराचे, गणित थोडे निराळे आहे. हा भात मुळातच मऊ आणि चिकट. तो तासन्‌तास भिजवला तर दाणे तुटतात, पीठ पाण्यात उतरते आणि पेज होते. त्याला पंधरा-वीस मिनिटे पुरेत. आपल्या आज्या तांदूळ धुऊन रोवळीत निथळत ठेवत, तीही भिजवण्याचीच पद्धत. दाण्यांना चिकटून राहिलेले पाणी हळूहळू आत मुरते. असा निथळत ठेवलेला जुना आंबेमोहर दोन वाट्या पाण्यात मऊ होतो. नवा तांदूळ असेल तर पाव वाटी पाणी कमी करावे, कारण नव्याला पाणी कमी लागते.

या आजोबांच्या घरी झाले होते ते असे. मुलाला मोकळा भात आवडतो म्हणून घरात आंबेमोहर बंद होऊन लांब दाण्याचा तांदूळ आला होता, आणि सूनबाई नोकरीच्या घाईत तो न भिजवता पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकत. मी सांगितले, मुलासाठी हवा तो भात करा, आजोबांसाठी मात्र अर्धी वाटी आंबेमोहर वेगळ्या डब्यात लावा. तांदूळ दोनदा धुवा. मग सव्वा वाटी पाणी मोजून त्यातच वीस मिनिटे भिजवा आणि त्याच पाण्यात शिजवा. पाणी भिजवण्यापूर्वीच मोजले असल्यामुळे वजाबाकी करावी लागत नाही, आणि पाण्यात उतरलेली थोडीफार जीवनसत्त्वेही फुकट जात नाहीत. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, आणि कुकर आपोआप उतरेपर्यंत उघडायचा नाही. त्या दहा मिनिटांत उरलीसुरली कणी मुरते.

दोन इशारे द्यायला हवेत. उन्हाळ्यात तांदूळ पाण्यात रात्रभर उघडा ठेवू नये, तो आंबूस होतो. आणि भिजवून पाणी ओतून दिले म्हणजे तांदळातली साखर निघून जाते, हा मधुमेहींचा समज चुकीचा आहे. पिठूळ द्रव्य दाण्यातच राहते. मधुमेह्याने भात मोजूनच खावा.

दोन महिन्यांनी आजोबा आले तेव्हा वजन दीड किलोने वाढले होते. तुमच्या घरी कुणी म्हातारे माणूस भात पानात टाकत असेल तर शितावरून भाताची परीक्षा करा. शीत दोन बोटांत चिरडून पाहा. मधे खरखर लागली तर पाणी वाढवू नका, तांदूळ आधी भिजवा.