पांढऱ्या कनेक्टरची ओळख मोजमापातून

पुण्याच्या जुन्या बाजारातून एखादा बिघडलेला प्रिंटर किंवा टीव्ही उचलून आणला, की कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स क्लबला मोटर, सेन्सर, पॉवर सप्लाय असं बरंच काही हाती लागतं. अडतं ते पांढऱ्या प्लास्टिकच्या छोट्या कनेक्टरपाशी. सगळे दिसायला सारखेच, आणि दुकानात जाऊन ‘सात पिनांचा पांढरा द्या’ म्हटलं तर दुकानदार पाच प्रकार पुढे टाकतो. रंग आणि पिनांची संख्या यांवरून ओळख पटत नाही. आधी बघायचा तो पिच, म्हणजे एका पिनेच्या मध्यापासून शेजारच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर.

पण उपकरण उघडताच लगेच व्हर्नियर लावू नये. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही तीनशेहून जास्त व्होल्ट साठलेले असू शकतात. मल्टिमीटर डीसीवर ठेवून ते व्होल्टेज उतरलंय याची खात्री करायची आणि मगच बोटं आत घालायची. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीला तर जाणकार सोबत असल्याशिवाय हात लावू नये.

दोन शेजारच्या पिनांमधलं अंतर मोजलं, तर पिना किंचित वाकलेल्या असल्या तरी उत्तर चुकतं. म्हणून पहिल्या पिनेच्या बाहेरच्या कडेपासून शेवटच्या पिनेच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं, त्यातून एका पिनेची जाडी वजा करायची आणि मधल्या फटींच्या संख्येनं भागायचं. समजा, प्रिंटरच्या कार्डावर सात पिनांचा कनेक्टर आहे. बाहेरून बाहेर माप आलं १२.५ मिलिमीटर, पिनेची जाडी ०.५. उरले १२. सात पिनांमध्ये फटी सहा, म्हणून पिच २ मिलिमीटर. त्याला चारी बाजूंनी भिंतींचा डबा असेल, तर तो बहुधा जपानच्या जेएसटी कंपनीच्या पीएच मालिकेतला किंवा त्याची नक्कल. फटींऐवजी पिनांच्या संख्येनं भागणारा एकजण प्रत्येक बॅचमध्ये असतोच. त्याचं उत्तर येतं १.७१, आणि तसा कनेक्टर कुठल्याच दुकानात मिळत नाही.

खरी गंमत २.५ आणि २.५४ यांच्यात आहे. जेएसटीची एक्सएच मालिका मेट्रिक मापाची, म्हणून २.५. आपल्याकडे दुकानात ‘रेलिमेट’ म्हणून मिळणारा कनेक्टर आणि बर्ग स्ट्रिप मात्र इंचाच्या दहाव्या भागाच्या, म्हणजे २.५४ च्या. दोन पिनांमध्ये फरक फक्त ०.०४ मिलिमीटरचा. तो व्हर्नियरवर भरवशानं दिसत नाही आणि वायरही बसून जाते. दहा पिनांमध्ये फटी नऊ, तेव्हा एकाचं अंतर २२.५ आणि दुसऱ्याचं २२.८६. इतक्या फरकात जोर लावून बसवलेल्या वायरच्या टोकाच्या पिना तिरक्या होतात, आतल्या धातूच्या पट्ट्या सैल पडतात आणि काही दिवसांनी हलवलं की चालू, सोडलं की बंद असा त्रास सुरू होतो. पिना कमी असतील तर डबा बघावा. एक्सएचला चारी बाजूंनी भिंती असतात. रेलिमेटला एकाच बाजूला उभी पाठ असते आणि बाकी पिना उघड्या.

व्हर्नियर नसेल तर झिरो पीसीबी घ्यावा. त्याची भोकं २.५४ वरच असतात. काढलेला लांब कनेक्टर त्यात सहज उतरला तर तो इंचाच्या मापाचा. टोकाच्या पिना अडल्या तर मेट्रिकचा संशय घ्यावा.

पिना जाड आणि पिच ३.९६ असेल, तर तो जास्त करंटसाठी. असे कनेक्टर पॉवर सप्लायच्या कार्डांवर असतात. इथे एक फसवी जागा आहे. २३० व्होल्टच्या दोन टोकांत जास्त अंतर राहावं म्हणून मधली पिन मुद्दाम काढलेली असते. डब्यात जागा तीन, पिना दोन, आणि माप येतं ७.९२. रिकामी जागाही मोजायची, म्हणजे फटी दोन होतात आणि हिशेब जुळतो.

कनेक्टर ओळखला म्हणजे कुठली पिन कशाची ते कळलं, असं मात्र नाही. दोन पिनांच्या एकाच पीएच कनेक्टरवर एका कंपनीची बॅटरी प्लस डावीकडे देते, दुसरीची उजवीकडे. लाल वायरवरही डोळे झाकून विश्वास टाकू नये. वीज बंद ठेवून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावावा. एक टोक त्याच भागातल्या फिल्टर कपॅसिटरच्या मायनसला धरून प्रत्येक पिन तपासावी. बीप वाजेल ती बहुधा ग्राउंड. तीनशे व्होल्टचा मोठा कपॅसिटर यासाठी धरायचा नाही, त्याचा मायनस बाकी कार्डाच्या ग्राउंडपासून मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो.

आणि माप कशाशीच जुळलं नाही, तर बाजारात शोधत बसू नये. उपकरण मोडताना कार्डावरचा भाग आणि त्यात बसणारी वायर दोन्ही जपून ठेवावेत, वायर टोकापासून वीतभर लांब कापावी, म्हणजे पुढे नवी वायर तिला सोल्डर करून जोडता येते.