घरखर्चाचं गणित : भाग ७ – पाच वर्षांचं भाडं की पाच वर्षांचे हप्ते?

गेल्या आठवड्यात कर्जाच्या एका हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, हे पाहिलं. आज तोच हप्ता भाड्यासमोर ठेवू.

हिमायतनगरात नोकरी करणाऱ्यांमध्ये हा प्रश्न नेहमी निघतो. गावात फ्लॅट असे फारसे नाहीत. इथे प्लॉट घेऊन बांधायची रीत. म्हणून शिक्षक, बँकेतले किंवा तहसीलमधले लोक मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड नांदेडात ठेवतात आणि स्वतः रेल्वेनं अप-डाउन करतात. मग कुणीतरी म्हणतंच, ‘भाडं भरून काय उपयोग, तेवढ्यात हप्ता जाईल.’ तेवढ्यात खरंच जातो का, ते पाहू.

नांदेडात २५ लाखांचा दोन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघराचा तयार फ्लॅट धरा. तसाच फ्लॅट भाड्यानं ८ हजारांत मिळतो असं समजू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. करारात दरवर्षी दहा टक्के वाढ लिहिली, तर पाचव्या वर्षी भाडं ११,७०० च्या आसपास पोचतं आणि पाच वर्षांत एकूण ५ लाख ८६ हजार जातात. जुना, वेळेवर पैसे देणारा भाडेकरू असेल तर घरमालक बहुधा इतकं वाढवत नाही. पण आपण भाडेकरूच्या बाजूनं सूट धरायची नाही.

आता विकत घेण्याची बाजू. पाच लाख स्वतःचे, वीस लाख कर्ज, व्याज नऊ टक्के, मुदत वीस वर्षं. हप्ता जवळपास १८ हजार. पाच वर्षांत बँकेत १० लाख ८० हजार भरले जातात. त्यातून कर्ज किती फिटतं? फक्त सव्वादोन लाख. उरलेले साडेआठ लाख व्याजात गेले. भाडं जसं परत येत नाही, तसंच हे व्याजही येत नाही. म्हणून तुलना भाडं आणि हप्ता यांची नाही. भाडं आणि व्याज यांची करायची.

व्याजावर आणखी दोन खर्च येतात. महापालिका हद्दीतलं मुद्रांक शुल्क सहा टक्के आणि नोंदणी एक टक्का, म्हणजे पावणेदोन लाख. खरेदीखत घराच्या स्त्रीच्या नावे केलं तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती सोडू नका. दुसरा खर्च देखभालीचा. सोसायटीचा महिना बाराशे, घरपट्टी, मधे एकदा रंग आणि गळती, असे पाच वर्षांचे मिळून एक लाख ३७ हजार धरू. मराठवाड्यात उन्हाळ्यात बोअर आटला की टँकरची वर्गणी वेगळी निघते. भाडेकरू म्हणून काही ठिकाणी ती आपणच भरतो, तेव्हा ती दोन्हीकडे सारखी समजून सोडली आहे.

भरलेले पाच लाख मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी राहिले असते, तर पाच वर्षांत १ लाख ८५ हजार व्याज मिळालं असतं. हाही मालकाचा खर्चच. सगळं मिळून साडेतेरा लाख. भाडं पावणेसहा-सहा लाख. फरक सुमारे साडेसात लाख. शिवाय भाडेकरूची दरमहा वाचलेली रक्कम आवर्ती ठेवीत गेली, तर आणखी लाखभर व्याज मिळतं. म्हणजे पाच वर्षांनी हा फ्लॅट साडेतेहेतीस लाखांच्या वर, म्हणजे वर्षाला सहा टक्क्यांच्या आसपास वाढून विकला गेला, तरच बरोबरी होते. आणि इमारत पाच वर्षं जुनी झालेली असते, हे विसरायचं नाही. किंमत चढते ती जागेची. स्लॅब आणि लिफ्ट जुनीच होतात.

करात मिळणारी सूट मोजून मन मोठं करणारे बरेच असतात. नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट नाही, आणि स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जव्याजाची वजावटही नाही. जुन्या प्रणालीत असाल तरच ते मांडा.

मग घ्यायचंच नाही का? पाच वर्षांत बदलीची शक्यता असेल, तर नाही, असं माझं मत आहे. मुद्रांक शुल्क एकदाच भरायचं असतं, ते पाच वर्षांत फिटत नाही. पंधरा वर्षांत त्याचा भार जाणवेनासा होतो. दहा टक्क्यांची वाढ टिकली तर दहाव्या वर्षी भाडं १८,८०० च्या पुढे जातं आणि हप्त्याला ओलांडतं; हप्ता मात्र, व्याजदर तोच राहिला तर, तेवढाच असतो. जिथे मुलं मोठी होऊन निवृत्तीपर्यंत राहायचं पक्कं आहे, तिथला हिशोब उलटतो.

पुढच्या आठवड्यात प्लॉट घेऊन बांधण्याचा खर्च पाहू. तोवर घर पाहायला जाण्याआधी बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागून घ्या, आणि त्यातल्या साठाव्या ओळीत शिल्लक कर्ज किती दिसतं ते वाचा.