हात सुटल्याचं स्वप्न

या स्वप्नाचा साचा ठरलेला असतो. जत्रा असते, नाहीतर रेल्वे स्टेशन. मुलाचं बोट धरलेलं असतं. सुटे पैसे काढायला म्हणून किंवा इंडिकेटरवर गाडी बघायला म्हणून क्षणभर लक्ष दुसरीकडे जातं आणि हात रिकामा होतो. मग शोधाशोध. पण पाय उचलत नाहीत, हाक घशातच अडकते आणि भोवतालची माणसं काही घडलंच नाही अशी चालत राहतात. कुणी तरी विचारतं, ‘कपडे कोणते घातले होते?’ आणि तेही आठवत नाही. घामाघूम होऊन जाग येते, तेव्हा मूल शेजारीच आडवंतिडवं झोपलेलं असतं.

सकाळी हे स्वप्न सांगायचं कुणाला? आपल्याकडे पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. शिवाय वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, म्हणून घरात अभद्र बोलायचं नाही. त्यामुळे आई गप्प राहते आणि देवापुढे जास्तीचा दिवा लावते. वडील तर असं स्वप्न पडल्याचं कबूलच करत नाहीत. माझ्या मते या स्वप्नाला बळ मिळतं ते या गप्प राहण्यातून.

आधी पहाटेचं बघू. रात्रभरात झोपेची साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं होतात. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी एक टप्पा येतो, त्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा जेमतेम काही मिनिटांचा असतो आणि पहाटेकडे तो लांबत जातो. त्यातून थेट जाग आली की स्वप्न आठवतं. पुन्हा गाढ झोप लागली की बहुतेक वेळा पुसलं जातं. पहाटेच्या स्वप्नांचा दबदबा आहे तो एवढ्यासाठीच. ती खरी होतात असं नाही, ती लक्षात राहतात.

याच टप्प्यात मेंदूतलं भीतीशी निगडित केंद्र जोरात काम करत असतं आणि कपाळामागचा, तर्क लढवणारा भाग बराचसा मंदावलेला असतो. म्हणून स्वप्नातल्या आईला ‘अरे, तो तर आज आजीकडे आहे’ हे सुचत नाही, कुणाला फोन करणं सुचत नाही. शरीराचे स्नायूही या वेळी सैल सोडलेले असतात. पाय न उचलण्याची जाणीव त्यातूनच येत असावी, असं काही संशोधकांना वाटतं.

आता गप्प राहण्याकडे वळू. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर आणि सहकाऱ्यांनी 2004 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ओळखीची एक व्यक्ती निवडायला सांगितली. झोपण्यापूर्वी काही मिनिटं मनात येईल ते लिहायचं होतं. काहींना सांगितलं, त्या व्यक्तीचा विचार अजिबात करू नका. काहींना सांगितलं, मुद्दाम करा. सकाळच्या टिपणांत ती व्यक्ती जास्त दिसली ती विचार दाबायला सांगितलेल्यांच्या स्वप्नांत. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे खरंच आहे, पण मनातून हुसकून लावलेलंही स्वप्नात येतं. ‘नको बाई तो विचार’ म्हणत रोज रात्री कूस बदलणारी आई नकळत त्याच विचाराला आमंत्रण देत असते.

स्वप्नातलं स्टेशन म्हणजे स्टेशनाचीच भीती असंही नसतं. अर्न्स्ट हार्टमन या स्वप्नसंशोधकाचं म्हणणं होतं, की मनात एखादी भावना प्रबळ झाली की स्वप्न तिला साजेसं एक चित्र शोधतं. मोठ्या संकटातून वाचलेल्या माणसांना, ते संकट आगीचं असो वा आणखी कसलं, प्रचंड लाट अंगावर येतेय अशी स्वप्नं पडतात, याकडे त्यांनी लक्ष वेधलं. आईबापांच्या मनात ‘माझं लक्ष कमी पडतंय’ ही भावना असेल तर तिला गर्दीत सुटलेल्या हाताइतकं नेमकं चित्र कुठलं मिळणार?

बाळ अगदी तान्हं असतं तेव्हा हेच चित्र अंथरुणात दिसतं. माँट्रियलचे टोर नीलसन आणि त्यांच्या सहकारी टायना पाकेत यांनी 273 स्त्रियांची पाहणी करून 2007 साली लिहिलं, की बाळंतपणानंतरच्या दिवसांत बाळ संकटात असल्याची स्वप्नं वारंवार पडतात. बाळ पांघरुणात हरवलंय असं वाटून आई झोपेतच चादरी चाचपते. जाग आल्यावरही बाळ ठीक आहे ना, हे उठून बघावं लागतं. पुढे मूल चालू लागतं, बालवाडीत जातं, आणि मला वाटतं, त्याच्याबरोबर हरवण्याची जागाही पांघरुणातून बाहेर पडून जत्रेत जाते.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण पुष्कळ घरांत बसेल असं. ठाण्याची एक आई चार वर्षांनी पुन्हा नोकरीला लागली. ऑफिस दादरला, मुलगा शाळेनंतर पाळणाघरात. आठवड्यातून दोनदा तिला दादरचा पूल दिसतो. मुलाचं बोट हातात आहे, गर्दीचा रेटा येतो, ती खाली बघते तर हातात दुसऱ्याच मुलाचा हात. तिचा मुलगा दादर स्टेशनवर फारसा कधी गेलेलाही नाही. तिथे रोज जाते ती. मुलगा दुसऱ्याच्या स्वाधीन आहे आणि ती गर्दीत आहे, या दोन खऱ्या गोष्टी स्वप्नाने एका पुलावर आणून ठेवल्या आहेत.

वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर एक उपचार आहे. त्यात औषध नाही, फक्त कागद-पेन लागतं. अमेरिकेतले डॉक्टर बॅरी क्राकोव आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या 168 स्त्रियांवर तो तपासून 2001 साली निष्कर्ष मांडले: दुःस्वप्नं कमी झाली, झोपही सुधारली. आपण त्याला स्वप्नाची उजळणी म्हणू. आपल्या आईने तो कसा करायचा?

पहिल्यांदा दिवसाउजेडी बसून स्वप्न लिहायचं, आत्ता घडतंय असं: ‘मी पुलावर आहे. मागून रेटा येतो.’ अनेक दुःस्वप्नं असतील तर सर्वांत भयानक आधी घ्यायचं नाही, सोसवेल असं घ्यायचं. मग ते बदलायचं. कसं, ते जिचं तिने ठरवायचं. ‘मूल सापडलं’ असाच शेवट हवा असं काही नाही, आणि बदल व्यवहाराला धरून असायलाही हवा असं नाही. समजा, तिने लिहिलं: ‘रेटा येतो. मी मोठ्याने म्हणते, बसा सगळे. पुलावरची सगळी माणसं कीर्तनाला बसावीत तशी खाली बसतात. एकटा माझा मुलगा उभा दिसतो, पेरू खात.’ आता जुना कागद बाजूला ठेवायचा आणि रोज दहा ते वीस मिनिटं, जागेपणी, डोळे मिटून हे नवं स्वप्न सावकाश बघायचं. पुलाचा कठडा, माणसांच्या बसण्याचा आवाज, पेरूवरचं तिखट-मीठ, सगळं.

सुरुवातीला जुनं स्वप्न मध्ये घुसतं. तेव्हा डोळे उघडायचे, खोलीत नजर फिरवायची आणि बदल केलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करायचं. फरक पडायला काही आठवडे लागतात. नवं स्वप्न हुबेहूब पडेल अशी अपेक्षा धरू नये. बहुधा जुनंच विरळ होतं, किंवा पडलं तरी जाग आणण्याइतकं जोरकस राहत नाही. हे नेमकं कशामुळे होतं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. भीतीच्या गोष्टीची सूत्रं आपल्या हातात येतात, हे मला पटणारं उत्तर.

कागद-पेनाने भागत नाही असे प्रसंगही असतात. मूल खरोखर हरवलं होतं आणि सापडलं, तरी तो प्रसंग रोज डोळ्यांपुढे येतो. किंवा बाळ शांत झोपलेलं असूनही आईला रात्र-रात्र झोप येत नाही, ती पुन्हा पुन्हा उठून त्याचा श्वास बघते. किंवा स्वप्नाच्या धास्तीने मुलाला शाळेच्या सहलीला पाठवणंच बंद होतं. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाला गाठावं. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 वर आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः प्रोप्रॅनोलॉलसारख्या, आणि नैराश्यावरची काही औषधंही दुःस्वप्नं पाडू शकतात. स्वप्नं नव्या गोळीबरोबर सुरू झाली असतील तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना तसं सांगावं.

राहिली खऱ्या गर्दीची गोष्ट. 1986 साली बुऱ्हाणपूर स्टेशनवर, म्हणजे आपल्या रावेरच्या पलीकडेच, पाच वर्षांचा एक मुलगा मोठ्या भावाची वाट बघता बघता गाडीच्या डब्यात चढला, झोपला आणि कलकत्त्याला पोचला. हाच पुढे ऑस्ट्रेलियात वाढलेला सरू ब्रायर्ली. ‘लायन’ हा चित्रपट त्याच्यावरच आहे. खांडव्यातल्या आपल्या वस्तीचं आणि त्या स्टेशनचं नाव त्याला धड सांगता येत नव्हतं, आणि आईची भेट व्हायला 2012 उजाडलं. त्याचा हात कुठल्या रेट्यात सुटला नव्हता. घात झाला तो झोपेने आणि पत्ता न येण्याने.

म्हणून चार वर्षांच्या मुलाला आईबाबांचं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि एक फोन नंबर पाठ करून घ्यावा. जत्रेला निघताना दारातच त्याचा फोटो काढावा. स्वप्नातल्या ‘कपडे कोणते?’ या प्रश्नाला फोनमध्ये उत्तर तयार राहतं. चुकामूक झालीच तर एकाने शेवटी दिसलेल्या जागी थांबावं, दुसऱ्याने ध्वनिक्षेपकाकडे किंवा पोलिसांकडे जावं. रेल्वेत 139, मुलांसाठी 1098, एरवी 112. आणि ‘चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवून तपास सुरू केला पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 सालचा आदेश आहे.