आठ बिंदू, अठ्ठावीस रेषा : कर्ण मोजायचे कसे?

एक प्रश्न घ्या. घनाला एकूण किती कर्ण असतात? पर्याय आहेत ४, १२, १६ आणि २०. कँपसच्या ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये असला प्रश्न आला की हॉस्टेलमधले निम्मे विद्वान बारावीचं सूत्र आठवतात, त्यात आठ घालतात, २० वर टिक मारतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पण उत्तर २० नाही. सूत्र बरोबर आहे, आकडेमोडही बरोबर आहे, आणि तरी उत्तर चूक. असं का होतं ते बघायचं असेल तर सूत्र बाजूला ठेवून मोजायला बसावं लागतं.

आधी साधी बहुभुजाकृती घेऊ. वर्कशॉपमधला षटकोनी नट डोळ्यासमोर आणा. त्याला सहा कोपरे, म्हणजे सहा शिरोबिंदू. आता तुम्ही एका कोपऱ्यावर उभे आहात असं समजा. तिथून कर्ण कुठे कुठे काढता येतील? स्वतःकडे काढता येणार नाही. डावीकडच्या आणि उजवीकडच्या शेजाऱ्याकडे जाणारी रेषा ही बाजू झाली, कर्ण नव्हे. म्हणजे सहातले तीन गेले, तीन उरले. प्रत्येक कोपऱ्यातून ३ कर्ण, कोपरे ६, गुणाकार १८. पण पहिल्यापासून चौथ्याकडे जाणारा कर्ण आणि चौथ्यापासून पहिल्याकडे येणारा कर्ण एकच! प्रत्येक कर्णाला दोन टोकं, आणि दोन्ही टोकांवरून तो एकेकदा मोजला गेलाय. म्हणून १८ ला २ ने भागायचं. षटकोनाचे कर्ण ९.

हाच हिशेब n कोपऱ्यांसाठी केला की n(n − ३)/२ हे सूत्र येतं. पंचकोनाला ५, अष्टकोनाला २०, दशकोनाला ३५. त्रिकोणाला शून्य. (काटकोन त्रिकोणातल्या मोठ्या बाजूलाही आपण मराठीत कर्णच म्हणतो, पण तो वेगळा. ती बिचारी एक बाजूच आहे.) सूत्रातून कधी अपूर्णांक येईल का, अशी शंका कुणाला आली तर चांगली आहे. n आणि n − ३ यांच्यात तीनचा फरक, म्हणजे एक सम असेल तर दुसरी विषम. गुणाकार नेहमी सम, भागाकार नेहमी पूर्ण.

नटाच्या त्या ९ कर्णांत दोन जाती आहेत. समोरासमोरचे कोपरे जोडणारे लांब कर्ण ३, आणि एक कोपरा सोडून पुढच्या कोपऱ्याला जाणारे आखूड कर्ण ६. गंमत म्हणजे आखूड कर्णाची लांबी समोरासमोरच्या दोन बाजूंमधल्या अंतराएवढीच असते, आणि पान्याचा नंबर म्हणजे तेच अंतर. १७ च्या पान्याचा नट असेल तर आखूड कर्ण १७ मिमी आणि लांब कर्ण साधारण १९.६ मिमी. नट खोल खळग्यात बसवायचा असेल आणि तो फिरायलाही हवा असेल, तर जागा लांब कर्णाच्या हिशेबाने सोडावी लागते.

आता घनाकडे. घनाचे शिरोबिंदू ८. सूत्र थोडा वेळ विसरा आणि आठ ठिपक्यांचाच विचार करा. कुठल्याही दोन ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषा किती? प्रत्येकातून ७, ठिपके ८, दोनदा मोजल्या म्हणून भागिले २ : एकूण २८. ठिपके कागदावर असोत की हवेत, जोड्या २८ च. ह्यातल्या ज्या आकृतीच्या बाजू किंवा कडा असतील त्या वगळायच्या, उरलेले कर्ण.

अष्टकोनात २८ पैकी ८ बाजू असतात, म्हणून कर्ण २०. घनात मात्र प्रत्येक कोपऱ्यातून ३ कडा निघतात. तेव्हा कडा ८ × ३ ÷ २ = १२, आणि कर्ण २८ − १२ = १६. चूक कुठे होते ते इथे दिसतं. सूत्रातला ‘वजा ३’ म्हणजे ‘स्वतः आणि दोन शेजारी’. घनात शेजारी तीन असतात, तेव्हा तिथे ‘वजा ४’ हवं : ८ × ४ ÷ २ = १६. आणि २० हे उत्तर चूक आहे हे ओळखायला एवढंही लागत नाही. १२ कडा आणि २० कर्ण मिळून ३२ होतात, आणि जोड्या आहेतच मुळी २८!

हे १६ कर्णही दोन जातींचे. काही पृष्ठांवर पडलेले, काही घनाच्या पोटातून आरपार जाणारे. पृष्ठं ६, प्रत्येक पृष्ठ हा चौरस, त्याचे कर्ण २, म्हणून ६ × २ = १२. इथे बऱ्याच जणांचा हात सवयीने ‘भागिले २’ कडे जातो. थांबा! भागायचं कधी, तर एकच वस्तू दोनदा मोजली गेली तेव्हा. पृष्ठावरचा कर्ण एकाच पृष्ठावर असतो, म्हणून तो एकदाच मोजला गेला. कडांचं तसं नाही. ६ पृष्ठं × ४ कडा = २४, पण प्रत्येक कड दोन पृष्ठांना सामाईक, म्हणून तिथे भागायचं आणि १२ यायचे. दोन्हीकडे उत्तर १२ च येतं, रस्ता मात्र वेगळा. आरपार कर्ण ४ : प्रत्येक कोपऱ्यासमोर एकच विरुद्ध कोपरा, ८ × १ ÷ २. बेरीज १२ + ४ = १६, जुळलं.

घनाची बाजू a धरली तर पृष्ठावरचा कर्ण a√२ आणि आरपार कर्ण a√३. मटेरियल सायन्समध्ये हे दोघे भेटलेले असतील. तांब्यात अणू पृष्ठाच्या कर्णावर एकमेकांना टेकतात, तर साध्या तापमानाच्या लोखंडात आरपार कर्णावर.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी अजून एक रस्ता आहे, आणि माझ्या मते सगळ्यात देखणा. कोपऱ्यांना ०००, ००१, ०१० पासून १११ पर्यंत नावं द्या. दोन नावांत एक बिट वेगळा असेल तर ती कड, दोन वेगळे असतील तर पृष्ठावरचा कर्ण, तिन्ही वेगळे तर आरपार. एका कोपऱ्यापासून एक बिट बदलायचे ३ मार्ग, दोन बदलायचे ३, तिन्ही बदलायचा १. मिळून ७, म्हणजे बाकीचे सगळे कोपरे आले. चित्र काढायचीही गरज नाही.

चित्राची गरज नाही म्हटल्यावर चौथ्या मितीचा घनही अवघड नाही. चार बिट, १६ कोपरे, १६ × १५ ÷ २ = १२० जोड्या. प्रत्येक कोपऱ्यातून ४ कडा, म्हणून कडा ३२ आणि कर्ण ८८. दोन, तीन आणि चार बिट बदलून ह्या ८८ ची फोड ४८, ३२ आणि ८ अशी येते. पाच बिटांचं रात्री मेसमधून आल्यावर करून बघा. कर्ण ४१६ यायला हवेत.