ब्रोशरमधली तारीख

समजा, पुण्याजवळ दोन टॉवरची एक गृहयोजना आहे. महारेराकडे नोंदवलेली पूर्णत्वाची तारीख आहे 31 डिसेंबर 2028. ब्रोशरचा मजकूर लिहिणाऱ्याला विक्री विभाग सांगतो, ‘‘ताबा डिसेंबर 2027 असं टाका, साइटवर आम्ही तेच धरून चाललोय.’’

पहिला टॉवर तोवर उभा राहीलही. पण क्लबहाउस आणि पोहण्याचा तलाव दुसऱ्या टॉवरच्या पोडियमवर आहेत आणि ते काम सर्वांत शेवटी व्हायचं आहे. 2027 ही तारीख आणि निळ्याशार तलावाचं चित्र एकाच पानावर आलं, की घर घेणारा दोन्ही एकत्र वाचतो. तलावाविना वर्षभर राहावं लागेल, हे त्याला कुठेच दिसत नाही.

माझ्या मते इथे मजकूर असा हवा: ‘महारेरा नोंदणीनुसार पूर्णत्वाची तारीख 31 डिसेंबर 2028. क्लबहाउस व तलाव दुसऱ्या टॉवरसोबत, याच तारखेपर्यंत. त्याआधी पहिल्या टॉवरमध्ये येणाऱ्या रहिवाशांना लिफ्ट, पार्किंग आणि पुढची बाग वापरता येईल.’ साइटवरचं उद्दिष्ट छापूच नये. ते बिल्डरने स्वतःसाठी ठरवलेलं असतं, पण ग्राहक त्यावर घरभाडं आणि कर्जाचे हप्ते यांचा हिशोब मांडतो.

‘ताबा’ हा शब्दही सांभाळून वापरावा लागतो. फर्निचरच्या कामासाठी आधी चावी देणं आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घर हातात देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रोशरमधला ताबा दुसऱ्या अर्थाचाच असावा.

घराच्या तपशिलात ‘प्रीमियम फ्लोअरिंग’ या शब्दांतून काहीच कळत नाही. ‘हॉलमध्ये 800 × 800 मिलिमीटरच्या व्हिट्रिफाइड टाइल्स’ म्हटलं, तर ताबा घेताना टेप लावून पाहता येतं. नळांपुढे कंपनीचं नाव देऊन ‘किंवा तत्सम’ जोडायचं असेल, तर तत्सम म्हणजे कोणत्या दर्जाचं, तेही लिहावं. क्षेत्रफळाचंही तसंच. कार्पेट 58 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 624 चौरस फूट, आणि बाल्कनी 5 चौरस मीटर, हे आकडे वेगळे द्यावेत. 2016 च्या रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार बाल्कनी कार्पेटमध्ये धरली जात नाही.

याच कायद्याच्या कलम 12 नुसार, जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचं नुकसान झालं, तर त्याला भरपाई मागता येते. योजनेतून बाहेर पडायचं ठरवलं, तर भरलेली रक्कम व्याजासह परत मागता येते. म्हणून छपाईला जाण्यापूर्वी मजकूर लिहिणाऱ्याने महारेराच्या संकेतस्थळावरचं योजनेचं पान उघडून प्रत्येक तारीख आणि क्षेत्रफळ ताडून पाहावं. ब्रोशरवरचा क्यूआर कोड ग्राहकालाही त्याच पानावर नेतो.